फळं बंद, ज्यूस चालू आणि काटा जागचा हलेना

*"माझं वय ४१, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७२ किलो. नाशिकला शाळेत शिकवते. पाच महिन्यांपूर्वी जिम लावली. सुरुवातीला साडेतीन किलो उतरलं, पण गेले दोन महिने काटा ढिम्म आहे. ट्रेनरने फळं पूर्ण बंद केली आहेत. म्हणतो, फळातली साखर थेट चरबी होते. ज्यूसबद्दल तो काही बोलला नाही, म्हणून सकाळी नाश्त्याऐवजी घरी काढलेला सफरचंद-बीट-गाजराचा ज्यूस घेते आणि संध्याकाळी जिमहून येताना मोसंबीचा. ज्यूस पचायला हलका आणि पोटही साफ राहतं. पण अकरा वाजता शाळेत एवढी भूक लागते की चहाबरोबर दोन खारी जातातच. आता देवगडहून हापूसची पेटी आली आहे आणि मी नुसती वास घेतेय. फळं खाऊ की नको? आणि चरबी उतरवायला यापेक्षा चांगला ज्यूस कोणता?"*

— एक वाचक, नाशिक

नमस्कार ताई,

पेटी उघडा. आंबा किती आणि कसा खायचा ते पुढे सांगते, पण आधी तुमच्या ज्यूसरकडे बघू. काटा तिथेच अडकलाय असा माझा अंदाज आहे.

सकाळच्या ग्लासात नेमकं काय जातं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून साधारण प्रमाण धरते: दोन सफरचंदं, एक गाजर, अर्धं बीट, चवीला एखादं संत्रं. हा ज्यूस भाजीचा आहे असं बहुतेकांना वाटतं, कारण रंग बिटाचा असतो. गोडी मात्र सफरचंदाची आणि संत्र्याची असते. दोन मध्यम सफरचंदांत मिळून तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते, संत्र्यात आठ-नऊ, गाजर आणि बिटात मिळून पाच-सहा. थोडी चोथ्याबरोबर जाते असं धरलं तरी ग्लासात पस्तीस ग्रॅम साखर उतरते. म्हणजे चहाचे सात चमचे. कॅलरी होतात दीडशेच्या पुढेमागे.

संध्याकाळचा मोसंबीचा मोठा ग्लास भरायला चार-पाच मोसंब्या लागतात. त्यांची पंचवीस ग्रॅम साखर, आणि गाडीवाला न विचारता वरून दोन चमचे टाकतो त्याची दहा. तुम्ही "बिना साखर" म्हणून सांगत असाल तर ही दहा वजा करा. पण बरणीतल्या पाकाचा डाव आधीच भांड्यात पडलेला नाही ना, हे एकदा उभं राहून बघा. तर हे झाले आणखी एकशेचाळीस कॅलरी. दोन ग्लास मिळून तीनशेच्या आसपास.

तीनशे काही फार नाहीत, म्हणाल. नाहीतच. पण तुमचं वय, उंची, वजन आणि शिक्षिकेची उभ्याने होणारी नोकरी पाहता तुमच्या शरीराचा रोजचा खर्च अठराशे ते दोन हजार कॅलरींच्या दरम्यान असणार. चरबी उतरवायची तर त्यातून साडेतीनशे ते पाचशे कमी खायला हवं. आता ज्यूसच्या तीनशेमध्ये अकराच्या चहा-खारीचे अडीचशे मिळवा, म्हणजे साडेपाचशे झाले. तुम्ही आंबा सोडून, केळं सोडून, घाम गाळून जी तूट तयार करताय, ती या दोन ग्लासांत आणि दोन खाऱ्यांत भरून निघतेय. पहिले साडेतीन किलो कसे उतरले? तेव्हा बाकीचं बरंच काही एकदम बंद झालं असेल, शिवाय सुरुवातीच्या आठवड्यांत शरीरातलं थोडं पाणीही जातं. पुढे वजन कमी झालं की खर्चही जरासा घटतो आणि मग ही गळती जाणवायला लागते.

आता तुमचा समज, की ज्यूस हलका असतो. हलका असतो हे खरंच आहे. पोटात थांबत नाही, म्हणूनच तर हलका वाटतो. वजन उतरवणाऱ्या माणसाला मात्र नेमकं उलटं हवं असतं, पोटात दोन-तीन तास बसून राहील असं काहीतरी. साडेसहाला ज्यूस आणि अकराला खारीवर झडप, यात तुमच्या मनाचा दुबळेपणा वगैरे काही नाही. पोट रिकामं होतं, एवढंच.

हे जुन्या काळीच तपासून झालंय. १९७७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांचा एक छोटा प्रयोग छापून आला. दहा निरोगी माणसांना एकदा अख्खी सफरचंदं, एकदा त्यांचाच गाळ न काढलेला गर आणि एकदा गाळलेला रस दिला. तिन्ही वेळा कर्बोदकं सारखीच, साठ ग्रॅम. रस संपायला जितका वेळ लागला त्याच्या अकरा पट वेळ अख्खी सफरचंदं चावून खायला लागला. गराला चौपट लागला. पोट भरल्याची भावना सफरचंदाने सर्वांत जास्त, गराने मधली आणि रसाने सर्वांत कमी. रस प्यायल्यावर इन्सुलिनही जास्त वर गेलं, आणि थोड्या वेळाने रक्तातली साखर सुरुवातीच्या पातळीपेक्षा खाली घसरली. अख्ख्या सफरचंदानंतर असं झालं नाही. साखर तीच, फळ तेच, फक्त रूप वेगळं.

यावर माझ्याकडे येणारे लोक दोन पळवाटा हमखास काढतात. एक, "मी घोट घोट पिते." दुसरी, "मी वरून इसबगोल टाकते, फायबर झालं की." अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात २००९ साली या दोन्ही बाबी एकाच प्रयोगात पाहिल्या गेल्या. जेवणाआधी लोकांना सफरचंदाच्या फोडी, सफरचंदाचा गर, साधा रस आणि वरून फायबर घातलेला रस, असं वेगवेगळ्या दिवशी दिलं. कॅलरी, वजन आणि संपवायचा वेग सारखा ठेवला. फोडी खाल्ल्यावर, त्या फोडींच्या कॅलरी धरूनही, लोकांनी काहीच न खाता जेवायला बसले त्या दिवसापेक्षा एकूण पंधरा टक्के कमी खाल्लं. रसाला, अगदी फायबरवाल्या रसालाही, ती बरोबरी करता आली नाही. म्हणजे नुसता चोथा परत ओतून फळ परत तयार होत नाही. पेशींची भिंत शाबूत असणं, दातांनी ती फोडावी लागणं, पोटात तुकडे म्हणून जाणं, या सगळ्याचा मिळून परिणाम असतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरीच करून बघा. एका सकाळी ज्यूसरमध्ये जे घालता ते सगळं ताटात काढा आणि टेबलाशी बसून चावून खायला लागा. सफरचंद सालासकट. पहिलं सफरचंद सहज जाईल. दुसऱ्याच्या अर्ध्यावर जबडा दमेल. गाजरापर्यंत पोचलात तर मला नवल वाटेल, कारण ते सगळं मिळून अर्धा किलोच्या आसपास भरतं. हेच अर्धा किलो रोज सकाळी तुम्ही उभ्या उभ्या, चपला घालता घालता दोन मिनिटांत संपवता. मग ज्यूसरची जाळी धुताना त्यातला चोथा वाटीत काढून बघा. पोट साफ ठेवणारा माल तो होता आणि तो रोज कचऱ्याच्या डब्यात जातोय. ज्यूसने पोट साफ होतं असं तुम्हाला जाणवतं तेही खोटं नाही म्हणा. सफरचंदाच्या रसात सॉर्बिटॉल नावाचा एक घटक असतो, तो काहींना जुलाब व्हावेत इतपत सैल करतो. पण त्याचा चरबीशी संबंध नाही.

आता ट्रेनरचं म्हणणं. मुलगा वाईट हेतूने सांगत नसणार. फळं बंद केल्यावर लोकांचं वजन उतरलेलं त्याने पाहिलंही असेल, कारण फळांबरोबर मिल्कशेक, फ्रूट सॅलड, कस्टर्ड आणि रात्री टीव्हीसमोरची द्राक्षांची परात, हे सगळंच बंद होतं. पण "फळातली साखर थेट चरबी होते" हे वाक्य जसंच्या तसं खरं नाही. त्यात खरं किती आणि ताणलेलं किती, ते सांगते.

फळात ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि या दोहोंच्या जोडणीची, आपण डब्यात ठेवतो ती साखर असते. भीती फ्रुक्टोजची घातली जाते. ते मुख्यतः लिव्हरमध्ये वापरलं जातं आणि एकदम भरपूर आलं तर त्यातल्या काहीची तिथे चरबी बनते, इथपर्यंत बरोबर. प्रश्न 'भरपूर' म्हणजे किती, हा आहे. या विषयावर ज्याचा सतत दाखला दिला जातो तो कॅलिफोर्नियातला २००९ सालचा प्रयोग घ्या. त्यात स्थूल माणसांना दहा आठवडे एकूण कॅलरींच्या पंचवीस टक्के फ्रुक्टोज सरबतातून पाजलं होतं. त्यांच्या पोटाच्या आतली चरबी खरोखर वाढली. पण दोन हजार कॅलरींच्या पंचवीस टक्के म्हणजे सव्वाशे ग्रॅम फ्रुक्टोज झालं. एका मध्यम सफरचंदातून दहा ग्रॅमच्या आसपास मिळतं. तेव्हा तो परिणाम फळांतून साधायचा तर रोज बारा सफरचंदं, दहा आठवडे. आणि तीही नेहमीच्या जेवणावर.

फळातून ती साखर येते तेव्हा चावून, तंतूंमध्ये अडकलेली, हळूहळू उतरते. लहान आतडं त्यातलं बरंच फ्रुक्टोज वाटेतच बदलून टाकू शकतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. एकदम मोठा लोंढा आला की त्याची ताकद संपते आणि उरलेलं लिव्हरवर जातं. माणसांच्या बाबतीत तर सरळ वजनच मोजून बघितलंय. मेक्सिकोमध्ये १३१ स्थूल प्रौढांना दोन गटांत विभागून सहा आठवडे कमी कॅलरींचा आहार दिला. एका गटाला फ्रुक्टोज जवळजवळ बंद, दिवसाला वीस ग्रॅमपेक्षा कमी. दुसऱ्याला पन्नास ते सत्तर ग्रॅम, पण मुख्यतः फळांतून. ही चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. फळं बंदवाल्यांचं वजन सरासरी २.८ किलो उतरलं, फळं खाणाऱ्यांचं ४.२ किलो. सहा आठवडे हा काळ थोडा आहे, त्यामुळे "फळांनी चरबी जळते" असा अर्थ मी काढणार नाही. फळं वजन उतरण्याच्या आड आली नाहीत, एवढं मात्र त्यातून स्वच्छ दिसतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या साखरेबद्दलच्या मार्गदर्शक सूचनांत हीच रेघ ओढली आहे. ज्या साखरेवर मर्यादा घालायची तिच्यात चहातली साखर, मिठाईतली साखर, मध, पाक, आणि फळांचा रससुद्धा येतो. घरी काढलेला, बिनसाखरेचा, ताजा रसही. अख्ख्या फळातली साखर त्यात धरलेली नाही. मर्यादा एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत, जमलं तर पाचच्या. पंधराशे कॅलरींच्या आहारात दहा टक्के म्हणजे सदतीस ग्रॅम. तुमचा एकटा सकाळचा ग्लास पस्तीसचा आहे. म्हणून "कोणता ज्यूस चांगला" या प्रश्नाचं माझं उत्तर निराश करणारं आहे: चरबी उतरवायला कोणताच नाही. दुधीचा, कारल्याचा, आवळ्याचा रस घ्यायचा तर घ्या, त्यात साखर कमी असते. पण तो प्यायल्याने चरबी वितळत नाही. (दुधीचा रस कडू लागला तर मात्र एक घोटही पुढे पिऊ नका, ओतून द्या. कडू दुधीने विषबाधा होते.)

तर मग दिवस असा बदलून बघा. सकाळी साडेसहाला नुसतं फळ घेऊन शाळेत जायचं असंही मी सांगणार नाही, कारण फळात प्रथिनं नसल्यात जमा असतात आणि फक्त फळांवर भूक अकरापर्यंत थोपणार नाही. मुगाची दोन धिरडी आणि वाटीभर दही, किंवा अंडी चालत असतील तर दोन उकडलेली अंडी आणि एक पोळी, आणि त्याबरोबर एक फळ. सफरचंद आवडतं तर सफरचंद, पण सालासकट आणि एकच. ज्यूसरमध्ये जाणारं बीट-गाजर दुपारच्या कोशिंबिरीत घाला. हा नाश्ता तीनशे-साडेतीनशे कॅलरींचा होईल, ज्यूसच्या दुप्पट. घाबरू नका. खारी सुटली की हिशेब जुळतो.

शाळेच्या डब्यात एक पेरू टाका. तुमच्याकडे चांगले मिळतात, स्वस्त असतात आणि तंतूंच्या बाबतीत बाजारातल्या फार कमी फळांना पेरूची सर येते. शंभर ग्रॅमला पाच ग्रॅमहून जास्त. बिया चावता येत नसतील तर तशाच गिळल्या तरी चालतात. सोबत मूठभर फुटाणे. स्टाफरूममध्ये चहा येईल तेव्हा चहा घ्याच, पण हातात पेरू असू द्या.

संध्याकाळच्या मोसंबीच्या ग्लासामागे भुकेपेक्षा तहान असावी असं मला वाटतं. तासभर व्यायाम, उन्हाळा, आणि वाटेत बर्फाच्या लादीशेजारी रचलेला मोसंब्यांचा ढीग. घसा कोरडा असताना तिथून नुसतं पुढे जाणं कठीण आहे. म्हणून जिममधून निघण्यापूर्वीच पोटभर पाणी प्या, घरी आल्यावर मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक घ्या. त्यानंतरही मोसंबी हवीशी वाटली तर एक सोला. सुरीने गोल साल काढून, वरची पांढरी जाडसर कात निघेल तेवढी काढून, फोडी पातळ पापुद्र्यासकट खा. एक मोसंबी म्हणजे पन्नासेक कॅलरी. हाताला वास राहतो, टेबलावर सालं पडतात, बिया काढत बसावं लागतं. या कटकटीमुळेच माणूस चार मोसंब्या सोलत नाही, आणि आपल्याला तेच हवंय.

आता पेटी. मध्यम हापूस, दोनशे-सव्वादोनशे ग्रॅमचा. साल आणि कोय जाऊन हातात दीडशेच्या आत गर येतो. कॅलरी शंभरच्या आसपास, साखर वीस ग्रॅम. म्हणजे तुमच्या सकाळच्या ग्लासापेक्षा एक हापूस साखरेने कमी आहे, आणि कॅलरीनेही. रोज एक खा. मोसमभर खा. जेवणाबरोबर खाणार असाल तर एक पोळी कमी करा, मधल्या वेळी खाणार असाल तर त्या दिवशी पेरू राहू द्या. फोडी करा किंवा चोखून खा. चोखून खाल्लेला आंबा हळू संपतो आणि कोय चोखताना माणूस दुसऱ्या आंब्याला हात लावत नाही.

आमरसाचं थोडं वेगळं आहे. त्यात गर असतो, गाळून टाकलेला चोथा नसतो, त्यामुळे तो मोसंबीच्या रसासारखा नाही. ब्रिस्टलच्या प्रयोगातला मधला गर आठवा, तसा. तरी वाटीत अडीच-तीन आंबे सहज मावतात, आणि घरोघरी त्यात साखर, वर तुपाची धार पडते. पण खरा भार पुऱ्यांचा असतो. तळलेली एक पुरी ऐंशी ते शंभर कॅलरींची, आणि रसाबरोबर पाच पुऱ्या मोजल्याही जात नाहीत. पाहुणे येतील, अक्षय्य तृतीया येईल, तेव्हा आमरस-पुरी नक्की खा. एरवी रस खायचा तर बिनसाखरेचा, अर्धी वाटी, आणि पुरीऐवजी फुलक्याबरोबर.

फळं हवी तेवढी खा, असं मात्र माझं म्हणणं नाही. पंधराशे कॅलरींत दिवसाला दोन, फार तर तीन फळं बसतात. केळं मध्यम एक, नव्वद ते शंभर कॅलरी, त्यात घाबरण्यासारखं काय आहे मला कधी कळलं नाही. चिकू, सीताफळ, द्राक्षं यांत साखर जरा दाट असते, म्हणून एकच चिकू, आणि द्राक्षं वाटीत मोजून घ्या. नाशिककराला द्राक्षं वाटीत मोजायला सांगणं जिवावर येतं, पण घडच्या घड घेऊन बसलं की अर्धा किलो कधी संपतो पत्ता लागत नाही. त्याच्या सव्वातीनशे कॅलरी होतात. खजूर आणि बेदाणे सुकवलेले असल्यामुळे शंभर ग्रॅमला तीनशेच्या घरात जातात. ते फळांच्या खात्यात नको, गोडाच्या खात्यात धरा. दुधात चिकू आणि साखर घालून केलेला शेकही तिकडेच.

तुमच्यासारखाच प्रश्न विचारणाऱ्या इतरांसाठी थोडं. मिक्सरला अख्खं फळ फिरवलं, गाळलं नाही, तर तंतू जात नाहीत, त्यामुळे ते रसापेक्षा बरं. पण प्यायलं जातं भरभर आणि एका ग्लासात केळं, आंबा, मध, दूध असं चारजणांचं खाणं बसतं. दात नसलेल्या आजीला असा पातळ गर ठीक, चाळिशीतल्या बाईला दात आहेत. खोक्यातल्या रसाच्या बाबतीत पुढची बाजू वाचू नका. पाण्यात आटवलेला रस कालवून केलेल्या पेयांवर "१०० टक्के फळांचा रस" असं लिहिणं बंद करा, असा आदेश अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये काढला होता, यातच सगळं आलं. मागच्या बाजूला शंभर मिलिलीटरमागे साखर किती हे बघा, आणि मग खोकं किती मिलिलीटरचं आहे ते बघून गुणाकार करा. उसाचा रस तर शंभर मिलिलीटरला तेरा ते पंधरा ग्रॅम साखरेचा. तो आवडतो म्हणून महिन्यातून एकदा प्यावा, आलं-लिंबू पिळून, तब्येतीसाठी नव्हे.

मधुमेह असलेल्यांनी अख्खं फळ घाबरून सोडू नये. एका वेळी एक, जेवणानंतर लगेच गोडासारखं न घेता मधल्या वेळी, आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर आकडा बघून आपल्याला कोणतं फळ मानवतं ते ठरवावं. रस मात्र त्यांच्यासाठी औषधाच्या कपाटातली वस्तू आहे. साखर एकदम उतरली, हात थरथरायला लागले, घाम फुटला, तर अर्धा कप रस लगेच चढतो. तेव्हा पेरू चावत बसू नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर फळांतलं आणि नारळपाण्यातलं पोटॅशियम त्रास देऊ शकतं, त्यांनी फळं आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावीत.

शेवटी, हे जमतंय की नाही ते कसं ओळखायचं. वजन रोज सकाळी करा, पण रोजचा आकडा मनावर घेऊ नका; सात दिवसांची सरासरी काढा आणि मागच्या आठवड्याच्या सरासरीशी लावून बघा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात पाणी साठून काटा वर जातो, म्हणून महिना पूर्ण झाल्याशिवाय निकाल लावायचा नाही. बेंबीच्या रेषेत कमरेचं माप आठवड्यातून एकदा घ्या. आणि वहीत आणखी एक गोष्ट टिपा: नाश्त्यानंतर पहिली खरी भूक किती वाजता लागली. ती वेळ अकरावरून बारापर्यंत सरकली तर काटा हलायच्या आधीच तुम्हाला कळेल की गाडी बरोबर चालली आहे. महिन्याने सरासरी तरीही जिथल्या तिथे असेल, तर फळांकडे बोट न दाखवता तेल, चटणीतले शेंगदाणे आणि रविवारचं बाहेरचं खाणं मोजायला घ्या आणि थायरॉईडची तपासणी एकदा करून घ्या. ट्रेनरला आक्षेप असेल तर त्याला हे आकडे दाखवा. आणि आंबे पिकायला ठेवलेत ना? पेंढ्यात ठेवले असतील तर रोज चाचपा. एक कुजला की शेजारचे दोन जातात.